खात्री शंकेने जात नाही

‘अल्-यकीनु ला यझूलु बिश्शक्क’ हे चार शब्दांचे अरबी वाक्य फिक्हच्या, म्हणजे इस्लामी विधिशास्त्राच्या, ग्रंथांत जागोजागी भेटते. अर्थ सरळ आहे : जे खात्रीने ठाऊक आहे ते नुसत्या शंकेने नाहीसे होत नाही. नमाजेच्या प्रकरणात ते येते, तलाकच्या प्रकरणात येते, कर्ज, भाडे, वारसा आणि बेपत्ता माणूस यांच्या प्रकरणांतही येते. अशा वाक्यांना फिक्हमध्ये ‘कायदा’ म्हणतात, अनेकवचन ‘कवाइद’. मराठीतला ‘कायदा’ हा शब्द याच घराण्यातला असला तरी इथला अर्थ वेगळा आहे. एखाद्या बाबतीत काय करावे हे सांगणारा नियम म्हणजे फिक्हमधला कायदा नव्हे. शेकडो वेगवेगळ्या निकालांच्या मुळाशी जे एकच सूत्र दिसते ते म्हणजे कायदा. लेखाच्या सोयीसाठी त्याला सूत्र म्हणणे बरे.

अशी सूत्रे शेकड्यांनी आहेत, पण त्यांतली पाच मोठी मानली जातात. कृतीची किंमत हेतूवर ठरते. खात्री शंकेने जात नाही. अडचण सवलत आणते. नुकसान दूर केले पाहिजे. आणि रूढीला निर्णायकाचे स्थान आहे. या पाचांपैकी दुसऱ्या सूत्राचा पसारा सर्वांत मोठा. इजिप्तमधले पंडित जलालुद्दीन सुयूती (मृत्यू १५०५) यांच्या मते फिक्हच्या तीन चतुर्थांश प्रश्नांना, किंबहुना त्याहूनही अधिक प्रश्नांना, ते लागू पडते.

सूत्राचे मूळ एका अगदी घरगुती तक्रारीत आहे. नमाज पढताना आपल्याला वायू सरल्यासारखे वाटते, अशी एका माणसाची तक्रार पैगंबरांच्या कानावर गेली. वायू सरला की वजू मोडते आणि नमाज सोडून पुन्हा हातपाय धुवावे लागतात. त्यावर पैगंबरांनी सांगितले, की आवाज ऐकू आल्याशिवाय किंवा वास आल्याशिवाय त्याने नमाज सोडू नये. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही प्रमाण हदीस-संग्रहांत हा प्रसंग आहे. माणसाने वजू केली होती हे पक्के; ती मोडली की नाही, याची नुसती शंका. पक्के ते शंकेपुढे हटत नाही. वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या या उत्तरातून पुढच्या शतकांत पुराव्याचे अख्खे शास्त्र उभे राहिले.

सूत्र नीट कळायला त्यातले ‘अजून’ हा न लिहिलेला शब्द ध्यानात घ्यावा लागतो. काल जे होते ते आज अजून आहे, असे धरून चालायचे. ते संपले असे म्हणणाऱ्याने दाखवून द्यायचे. या धरून चालण्याला ‘इस्तिसहाब’ म्हणतात. जुनी स्थिती सोबत घेऊन पुढे जाणे, असा त्या शब्दाचा भाव आहे. म्हणजे हे सूत्र सत्य काय ते सांगत नाही. सत्य कळायला मार्ग नसताना कुठे उभे राहायचे, एवढेच ते सांगते. वजू मोडली नाही असे पैगंबरांनी त्या माणसाला सांगितले नव्हते. मोडली नाही असे समजून पुढे जा, एवढेच सांगितले होते.

ही वाक्ये सुरुवातीला कोणी एका जागी लिहून ठेवलेली नव्हती. बगदादचे हनफी पंडित अबुल हसन करखी (मृत्यू ९५२) यांची छोटी पुस्तिका उपलब्ध संग्रहांत सर्वांत जुनी समजली जाते. त्याच काळातल्या अबू ताहिर दब्बास नावाच्या अंध हनफी पंडितांची एक कथा नंतरच्या ग्रंथांत सांगितली जाते. त्यांनी म्हणे हनफी पंथाची सगळी मते सतरा सूत्रांत बसवली होती आणि रोज रात्री मशीद रिकामी झाली की ते ती स्वतःशी घोकत. ही गोष्ट ऐकून हरातचा एक विद्वान तिथे गेला आणि चटईत स्वतःला गुंडाळून पडून राहिला. लोक गेले, दार लागले, अबू ताहिर सूत्रे म्हणू लागले. सात झाली आणि चटईतल्या माणसाला खोकला आला. अबू ताहिर यांनी त्याला मारून बाहेर घालवले आणि त्यानंतर मशिदीत सूत्रे म्हणणे बंद केले. सात सूत्रे घेऊन तो माणूस आपल्या लोकांत परतला. ही बातमी काझी हुसेन (मृत्यू १०७०च्या सुमारास) यांच्यापर्यंत पोचली तेव्हा त्यांनी शाफई पंथाची मते चार सूत्रांत बसवली, आणि त्या चारांतले एक होते खात्री आणि शंकेचे. कथा खरी असो वा नसो, अशा सूत्रांना पंडितांच्या लेखी केवढे मोल होते ते तिच्यावरून कळते. हजारो निकाल पाठ करणाऱ्या माणसाच्या हाती ती सगळी माळ ओवणारा दोरा लागला, तर तो दोरा त्याने जिवापाड जपावा यात नवल नाही.

पुढे ताजुद्दीन सुबकी (मृत्यू १३७०), सुयूती आणि कैरोचे हनफी पंडित इब्न नुजैम (मृत्यू १५६३) यांनी ‘अल्-अश्बाह वन्-नझाइर’ या एकाच नावाचे तीन वेगवेगळे ग्रंथ लिहिले. नावाचा अर्थ ‘सारखी आणि जोडीची प्रकरणे’. एकेक सूत्र घ्यायचे, त्याखाली येणारी प्रकरणे मांडायची आणि सूत्राला न जुमानणारे अपवादही मांडायचे, अशी या ग्रंथांची पद्धत आहे. शेवटी १८६९ ते १८७६ या काळात ओस्मानी साम्राज्याने अहमद जौदत पाशांच्या पुढाकाराने दिवाणी व्यवहारांची ‘मजल्ला’ नावाची संहिता केली. तिच्या १८५१ कलमांतले पहिले कलम फिक्हची ओळख करून देते आणि त्यानंतरची ९९ कलमे म्हणजे निव्वळ सूत्रे. ‘खात्री शंकेने जात नाही’ हे त्यांतले चौथे कलम.

ही सूत्रे हाताळणारे दोघे, मुफ्ती आणि काझी, यांची कामे निराळी होती. मुफ्तीकडे माणूस प्रश्न घेऊन जातो. तो जे सांगेल ते खरे धरून मुफ्ती उत्तर देतो. उत्तर फतवा म्हणून दिले जाते आणि ते पाळायचे की नाही हे विचारणाऱ्याच्या सद्सद्विवेकावर असते. काझीपुढे दोन बाजू असतात, दोघे परस्परविरोधी सांगतात आणि काझीला त्यातून बांधील निकाल द्यावा लागतो. त्यामुळे मुफ्तीच्या हाती हे सूत्र मनाची घालमेल थांबवण्यासाठी येते, तर काझीच्या हाती पुराव्याचे ओझे कोणाच्या खांद्यावर टाकायचे हे ठरवण्यासाठी.

मुफ्तीची बाजू आधी. वजू झाली की नाही, कपड्याला लागलेला शिंतोडा घाणीचा होता की पाण्याचा, तलाकचा शब्द तोंडून निघाला की मनातच राहिला, अशा शंकांनी झुरणारी माणसे सगळ्या काळात होती. अरबीत या झुरण्याला ‘वस्वास’ म्हणतात. अशा माणसाला मुफ्ती आधी विचारतो, की तुला पक्के काय ठाऊक आहे? वजू केल्याचे पक्के आठवत असेल तर वजू आहे. लग्न झाल्याचे पक्के आहे आणि तलाक दिल्याची नुसती शंका आहे, तर लग्न शाबूत आहे. तीन रकाती झाल्या की चार, हे चार रकातींच्या नमाजेत आठवेनासे झाले, तर तीन पक्क्या धराव्यात, चौथी पढावी आणि शेवटी चुकीबद्दलचे दोन सजदे करावेत. हेही हदीसमध्येच आहे. हनफी पंडितांनी यात आणखी बारकाई आणली. अशी शंका माणसाला पहिल्यांदाच आली असेल तर त्याने नमाज नव्याने पढावी. वारंवार येत असेल तर मन ज्या संख्येकडे जास्त झुकते ती धरावी. मन कुठेच झुकत नसेल तरच कमी संख्या घ्यावी. शंका आणि प्रबळ अंदाज या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या ठेवल्या होत्या हे यावरून दिसते. दोन्ही पारडी सारखी असतील तीच खरी शंका. एक पारडे स्पष्टपणे झुकले असेल तर तो अंदाज, आणि पुष्कळ ठिकाणी तो खात्रीच्या जागी चालतो.

इथवर सगळे सोपे वाटते. गाठ पडते ती मालिकी पंथाच्या मतापाशी. वजू केल्याची खात्री आहे पण ती मोडल्याची शंका आहे अशा माणसाने नमाजेपूर्वी पुन्हा वजू करावी, असे मालिकींचे प्रसिद्ध मत आहे. शंकेचा आजार जडलेल्या माणसाला तेवढी त्यातून सूट. मग मालिकींनी सूत्र नाकारले का? कैरोचे मालिकी पंडित शिहाबुद्दीन कराफी (मृत्यू १२८५) यांनी याचे उत्तर दिले आहे. नमाज माणसाच्या अंगावर फर्ज आहे ही खात्री. ती फेडायची तर फेड खात्रीची हवी. वजूविषयी शंका असेल तर नमाज फिटली की नाही याचीच शंका राहते आणि शंकेने खात्रीचे देणे फिटत नाही. इतर तीन पंथ वजूची खात्री धरून बसतात, मालिकी कर्तव्याची. सूत्र एकच, पण कोणती खात्री आरंभाला ठेवायची यावर उत्तर उलटते. या सूत्राविषयीचे बहुतेक मतभेद याच ठिकाणी जन्माला येतात.

काझीच्या दारात हेच सूत्र पैशांच्या भाषेत बोलू लागते. झैदचा दावा आहे की अम्र त्याचे ५०० दिरहम देणे लागतो. अम्र म्हणतो, एक दमडीही नाही. माणूस जन्माला येतो तो कर्जाशिवाय, म्हणून अम्र देणेकरी नाही हे मूळ धरायचे. झैदने साक्षीदार आणावेत. त्याच्याकडे नसतील तर अम्रने शपथेवर नाकारावे, दावा निकालात निघतो. आता तोच अम्र जर म्हणाला, ‘घेतले होते, पण फेडले’, तर सगळे चित्र एका वाक्यात फिरते. कर्ज त्याच्याच तोंडून पक्के झाले आणि फेड संशयित उरली. आता साक्षीदार अम्रने आणायचे, आणि त्याला जमले नाही तर शपथ झैदच्या वाट्याला येते. काझीपुढे वादी कोण हे प्रकरण कोणी दाखल केले यावरून ठरत नसे. स्थिर स्थितीच्या उलट जो बोलतो तो वादी. अनुभवी काझीचे कौशल्य पक्षकारांचे पहिले वाक्य नीट ऐकण्यात असे, कारण त्या वाक्यात स्थिर काय आणि हलते काय हे उघड होई.

काही वेळा मागची स्थिती ठाऊकच नसते, फक्त आजची दिसते. याचे उदाहरण हनफी ग्रंथांत पाणचक्कीचे दिले जाते आणि मजल्लातही ते आहे. एकाने पाणचक्की वर्षाच्या भाड्याने घेतली. वर्ष संपल्यावर तो म्हणतो, मध्येच पाणी तुटले होते, तेवढ्या दिवसांचे भाडे देणार नाही. मालक म्हणतो, पाणी कधी तुटलेच नाही. साक्षीदार कोणाकडेच नाहीत. काझीने काय करावे? उत्तर असे की माणूस पाठवून पाट पाहावा. वाद चालला आहे त्या घडीला पाणी वाहत असेल तर मालकाचा शब्द शपथेवर मानावा, कोरडा असेल तर भाडेकऱ्याचा. इथे कालवरून आज ठरवण्याऐवजी आजवरून काल ठरवला जातो. फार पक्का पुरावा हा नव्हे, हे पंडितांना कळत होते. पण दोघांनाही रिकाम्या हाती परत पाठवण्यापेक्षा वाहता पाट ही अधिक भक्कम गोष्ट होती.

खरी कसोटी लागते ती जुनी स्थिती आणि नेहमीचा व्यवहार यांची टक्कर होते तेव्हा. एक बाई दहा वर्षे नवऱ्याच्या घरी नांदली. आता ती काझीपुढे म्हणते, की या दहा वर्षांत नवऱ्याने माझा खर्च कधीच दिला नाही, सगळ्याची बाकी निघते. नवरा म्हणतो, रोज आणून देत होतो. सूत्र सरळ लावले तर बायकोचा खर्च हे नवऱ्यावरचे देणे आहे, देणे पक्के, फेड संशयित. मग पुरावा नवऱ्याने द्यायचा. शाफईंनी तसेच म्हटले आणि बाईचा शब्द शपथेवर मानला. मालिकींनी उलटा विचार केला. एका छताखाली दहा वर्षे राहिलेल्या, जेवलेल्या, कपडे घातलेल्या बाईला काहीच मिळाले नाही हे जगाच्या रीतीला धरून नाही, आणि रोजच्या भाकरीची पावती कोणता नवरा ठेवतो? म्हणून त्यांनी नवऱ्याचा शब्द मानला. या प्रकरणात मालिकींचे म्हणणे व्यवहाराला जास्त धरून वाटते. पण शाफईंच्या बाजूनेही एक गोष्ट आहे. रीतीवर भिस्त ठेवली की खरोखर उपाशी राहिलेल्या बाईकडे काझीला पटवण्यासारखे काहीच उरत नाही. शाफई ग्रंथांत या टकरीसाठी वेगळे प्रकरणच असते : मूळ स्थिती आणि उघड दिसणारी स्थिती यांचा विरोध. त्यात कधी एक जिंकते, कधी दुसरी, आणि प्रत्येक वेळचे कारण वेगळे दिलेले असते.

याच कारणामुळे सूत्रांच्या मर्यादा पंडितांनी स्वतःच लिहून ठेवल्या. सूत्र बहुतेकांना लागू पडते, सर्वांना नाही. समोरचे प्रकरण अपवादांपैकी असू शकते आणि ते सूत्राच्या शब्दांवरून कळत नाही. इब्न नुजैम यांनी आयुष्यातला मोठा काळ सूत्रे गोळा करण्यात घालवला, पण केवळ सूत्राच्या आधाराने फतवा देता येत नाही, असे त्यांचेच मत नोंदलेले आहे. मजल्लाच्या प्रस्तावनेतही समितीने तेच सांगितले : काझीला त्या प्रकरणावरचे स्पष्ट वचन सापडले नाही तर त्याने या सूत्रांपैकी एखाद्यावरच निकाल देऊन मोकळे होऊ नये. सूत्रे प्रकरण समजण्यासाठी, आठवण्यासाठी आणि एका निकालाचा दुसऱ्याशी मेळ घालण्यासाठी. निकालाचा आधार त्या त्या प्रकरणातल्या वचनात शोधायचा.

हे सगळे एकाच जागी पाहायचे तर बेपत्ता माणसाचे प्रकरण घ्यावे. फिक्हमध्ये त्याला ‘मफकूद’ म्हणतात. व्यापाराला गेला, लढाईला गेला, गलबतावर चढला आणि पुन्हा काही कळले नाही. तो जिवंत होता हे पक्के, मेला ही शंका. हनफी मताने तो जिवंत धरायचा. त्याची मालमत्ता वारसांत वाटायची नाही. काझी तिच्यावर देखभाल करणारा नेमतो, नासणारा माल विकतो आणि बायकामुलांचा खर्च त्यातून चालवतो. कुठवर? त्याच्या बरोबरीची गावातली माणसे मरून जाईपर्यंत. काहींनी आकडा दिला, जन्मापासून १२० वर्षे, काहींनी १००. ‘हिदाया’ या प्रमाण हनफी ग्रंथाने त्यातल्या त्यात ९० वर्षे सोयीची म्हटली आहेत.

मग तो बेपत्ता असताना त्याचे वडील वारले तर त्याला वारसा मिळतो का? जिवंत धरला तर मिळायला हवा. पण हनफींचे म्हणणे असे, की धरून चाललेली खात्री ही ढाल आहे, तलवार नाही. तिच्या जोरावर आपले आहे ते राखता येते, दुसऱ्याचे नव्याने मिळवता येत नाही. म्हणून बेपत्ता माणसाचा स्वतःचा माल कोणी वाटून घेऊ शकत नाही, पण वडिलांचा वाटाही त्याच्या नावावर चढत नाही. तो नुसता राखून ठेवला जातो. शाफई पंडित या खात्रीला दोन्ही बाजूंनी चालणारी मानतात, पण प्रत्यक्षात वाटा राखून ठेवण्यावर तेही येतात.

राखून ठेवायचे म्हणजे किती, हे ‘हिदाया’तल्याच एका प्रकरणावरून उमगते. माणूस वारला, मागे दोन मुली, एक बेपत्ता मुलगा आणि त्या मुलाचे एक मूल मुलगा, एक मूल मुलगी. मालमत्ता १८,००० दिरहम धरू. मुलगा जिवंत असेल तर त्याला मुलीच्या दुप्पट, म्हणजे त्याला ९,००० आणि मुलींना प्रत्येकी ४,५००. नातवंडांना काही नाही, कारण बाप जिवंत असताना ती वारस होत नाहीत. मुलगा आधीच मेलेला असेल तर दोन मुलींना मिळून दोन तृतीयांश, म्हणजे १२,०००, आणि उरलेल्या ६,००० पैकी नातवाला ४,००० व नातीला २,०००. आता मुली काझीपुढे आल्या की त्यांना किती द्यायचे? मुलगा जिवंत असो वा मेलेला, दोन्ही हिशेबांत त्यांना निदान ९,००० मिळणारच आहेत. तेवढे आज हातात द्यायचे. बाकीचे ९,००० राखून ठेवायचे आणि नातवंडांना त्यातली दमडीही द्यायची नाही, कारण त्यांचा हक्क नुसत्या शंकेवर उभा आहे. मुलगा परतला तर ९,००० त्याचे. नाही परतला आणि त्याच्या मरणाचा निकाल झाला, तर मुलींना आणखी ३,००० आणि नातवंडांना त्यांचे ६,०००. हिशेब निष्ठुर वाटतो, कारण नातवंडे तोवर कदाचित म्हातारी होतील. पण काझीने कोणाचेही असे काही दिले नाही जे पुढे परत मागावे लागेल, आणि कोणाचा पक्का हक्क अडकवूनही ठेवला नाही.

मालाच्या बाबतीत थांबणे चालून जाते. बाईच्या बाबतीत तसे नाही. हनफी मताने लग्न पक्के, मरण संशयित, म्हणून बेपत्ता माणसाची बायको त्याच्या बरोबरीचे सगळे मरेपर्यंत त्याचीच. शाफईंनी इराकात असताना चार वर्षांचा अवधी सांगितला होता, पण इजिप्तमध्ये ते मत बदलून मरणाची खात्री पटेपर्यंत थांबण्याकडे वळले. मालिकींनी खलीफा उमर यांच्या निर्णयाचा आधार घेतला. बाईने काझीकडे जावे, काझीने शोध घ्यावा, शोध लागला नाही तर चार वर्षे थांबावे, मग विधवेप्रमाणे चार महिने दहा दिवस इद्दत पाळावी आणि हवे तर दुसरे लग्न करावे. इथे मालिकींनी खात्रीचे सूत्र टाकून दिले नाही. त्याला दुसरे मोठे सूत्र आडवे आले, नुकसान दूर करण्याचे. तरुण बाई खर्चाशिवाय, सोबतीशिवाय आयुष्यभर अडकून पडते हे नुकसान समोर दिसणारे आणि पक्के आहे. ज्या नवऱ्याच्या जिवंतपणाची खात्री सांभाळायची ती दरसाल विरत चाललेली आहे.

भारतात हा प्रश्न पुस्तकात राहिला नाही. इथले बहुसंख्य मुसलमान हनफी आहेत, आणि कोकण किनाऱ्यावरचे कोकणी मुसलमान शाफई. दोन्ही पंथांत बाईला सुटका नव्हती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, विशेषतः पंजाबात, अडकलेल्या बायका लग्नातून सुटण्यासाठी धर्मच सोडू लागल्या, कारण तसे केल्याने लग्न तुटते असे न्यायालये मानत. थाना भवनचे हनफी मौलाना अशरफ अली थानवी यांनी हे पाहून मदिनेतल्या मालिकी मुफ्तींकडे प्रश्न पाठवले आणि त्यांच्या उत्तरांच्या आधारे १९३०च्या दशकाच्या आरंभी ‘अल्-हीलतुन् नाजिझा’ हे पुस्तक सिद्ध केले. गरज असेल तिथे हनफी मुफ्तीने मालिकी मत घ्यावे, याला जुना आधारही होता; दमास्कसचे इब्न आबिदीन (मृत्यू १८३६) यांनी नेमक्या याच प्रकरणात ती मुभा नोंदवून ठेवली होती. या सगळ्याचे फळ म्हणजे १९३९चा मुस्लिम विवाह विच्छेद अधिनियम. नवऱ्याचा ठावठिकाणा चार वर्षे लागला नाही तर बायकोला न्यायालयाकडून विवाह-विच्छेद मागता येतो, हे त्यातले पहिलेच कारण आहे.

या कायद्याच्या कलमांत जुन्या काझीचा हात ओळखू येतो. बेपत्ता नवरा आजच मेला असे समजून त्याचे जे वारस ठरतील त्यांची नावे बाईने अर्जात द्यायची आणि न्यायालयाने त्या सर्वांना नोटीस काढायची. नवऱ्याचा चुलता आणि भाऊ असतील तर ते वारस नसले तरी त्यांनाही पक्षकार करायचे. त्याच्या जिवंतपणाची बातमी कोणाकडे असेल तर ती याच माणसांकडे असणार. हुकूमनामा झाला तरी तो सहा महिने अमलात येत नाही. त्या मुदतीत नवरा स्वतः किंवा अधिकृत प्रतिनिधीमार्फत हजर झाला आणि संसार करायला तयार असल्याचे त्याने न्यायालयाला पटवले, तर हुकूमनामा रद्द होतो.

मालमत्तेचा प्रश्न मात्र या कायद्याने सोडवला नाही. तो त्याआधीच दुसऱ्या वाटेने सुटला होता. १८८४ मध्ये मजहर अली विरुद्ध बुध सिंग या प्रकरणात अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठापुढे प्रश्न आला, की बेपत्ता मुसलमानाला ९० वर्षे जिवंत धरायचे की १८७२च्या पुरावा कायद्याप्रमाणे सात वर्षे बातमी नसल्यावर मृत धरायचे. न्या. सय्यद महमूद स्वतः फिक्हचे जाणकार होते. ९० वर्षांचा नियम हा वारशाचा हक्क ठरवणारा नियम नाही, तो पुराव्याचा नियम आहे आणि पुराव्याचे नियम देशाच्या पुरावा कायद्यातून घ्यायचे, अशी भूमिका मान्य झाली. त्यामुळे आज एकाच बेपत्ता माणसाची बायको चार वर्षांनंतर न्यायालयात जाऊ शकते, पण त्याच्या मरणाचा थेट पुरावा नसेल तर त्याच्या मालाच्या वाटणीसाठी वारसांना सात वर्षे वाट पाहावी लागते.